तूप बंद केलं तरी एलडीएल खाली येईना: खारी, दूध आणि कढईतल्या तेलाचा हिशोब

"बाबांची (वय ६१) जानेवारीत ॲन्जिओप्लास्टी झाली, एक स्टेंट आहे. तेव्हापासून घरातलं तूप, लोणी सगळं बंद केलंय, तेल पण रिफाईंड करडईचं आणतोय. गोळ्या चालू आहेत. तरी परवाच्या रिपोर्टला एलडीएल ११८ आलंय. आई म्हणते आता आणि काय बंद करायचं, माणूस नुसता भाकरी-पाण्यावर ठेवायचा काय? कोण म्हणतंय घाण्याचं तेल घ्या, कोण म्हणतंय तूप परत चालू करा, तुपानं काय होत नाही. बाबांना सकाळी चहाबरोबर खारी लागते, आणि रविवारी भजी. आम्ही निपाणीजवळ असतो. नक्की काय करायचं ते सविस्तर सांगा."

आईंचा वैताग बरोबर आहे, पण तुमच्या तीन ओळींतच मला हवं ते सापडलं. तूप बंद, खारी चालू. बेळगावात मी गेली बावीस वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करतेय आणि स्टेंट बसवून आलेल्या घरांपैकी निम्म्याहून जास्त घरांत हेच चित्र बघते. तूप डोळ्यांना दिसतं, डब्यात असतं, म्हणून ते पहिल्यांदा बाहेर जातं. खारीतलं दिसत नाही म्हणून ती राहते.

आधी एक गोष्ट, गोळी कुणाच्याही सांगण्यावरनं बंद किंवा कमी करू नका. स्टेंटवाल्या माणसाचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ७० च्या खाली हवं, कित्येक डॉक्टर ५५ च्याही खाली धरतात, आणि ११८ वरनं तिथपर्यंत नुसत्या जेवणानं कुणी पोचत नाही. गोळी रोज घेतात का, की आठवड्यात दोनदा विसरतात, हे बाबांना न रागावता एकदा विचारा. पाकीट हातात घेऊन गोळ्या मोजल्या तर उत्तर लगेच मिळतं.

आता तुमच्यासारखीच एक केस सांगते, म्हणजे हिशोब कसा घालायचा ते कळेल. खानापूर तालुक्यातले एक निवृत्त मास्तर, बासष्ट वय, घरात सहा माणसं. स्टेंट बसून आठ महिने झालेले, तूप पूर्ण बंद, एलडीएल ११२. सूनबाईंनी मला वहीत लिहून आणलेलं जेवण बघितलं तर अगदी शहाण्या मुलासारखं, जोंधळ्याची भाकरी, आमटी, पालेभाजी, मटकीची उसळ, रात्री थोडा भात. मी म्हटलं हे जेवण झालं, आता जेवण सोडून काय काय तोंडात जातं ते सांगा. मग मास्तरच म्हणाले, तसं काय नाही हो, सकाळी चहा-खारी, दहाला चहा, तीनला चहा, सहाला चहा. बास.

हे "तसं काय नाही" वालंच मोजायला बसलो आम्ही.

खारीचं पाव किलोचं पाकीट त्यांना एकट्याला पाच दिवस पुरायचं, म्हणजे रोज ५० ग्रॅम. खारी म्हणजे काय, तर मैद्याचा कणकेसारखा गोळा लाटायचा, त्यावर घट्ट बेकरी फॅटचा थर द्यायचा, घडी, परत लाटणं, परत घडी. ते पापुद्रे सुटतात ना, दोन पापुद्र्यांच्या मधे फॅटचाच थर असतो. म्हणून चांगल्या खारीत वजनाच्या जवळपास तीस टक्के चरबी असते. ५० ग्रॅम खारीत साधारण १५ ग्रॅम, आणि त्यातली निम्मी म्हणजे सात-साडेसात ग्रॅम सॅच्युरेटेड, जी लिव्हरला एलडीएल उचलायचं काम मंद करायला लावते.

मग दूध. घरची म्हैस, दूध दाट. चार कप चहा, कपाला शंभर मिली दूध (गावाकडं चहात पाणी घालणं म्हणजे पाहुण्याचा अपमान असतो), झालं ४०० मिली. म्हशीच्या दुधात सहा ते सात टक्के फॅट, म्हणजे २६ ग्रॅम, त्यातलं सोळाएक ग्रॅम सॅच्युरेटेड.

आणि बंद केलेलं तूप किती होतं? दिवसाला दोन छोटे चमचे, १० ग्रॅम, सॅच्युरेटेड सहा ग्रॅम.

म्हणजे सहा ग्रॅम घालवले आणि साडेतेवीस ठेवले. हृदयाच्या पेशंटला, १८०० कॅलरीचं जेवण धरलं तर दिवसाची सॅच्युरेटेड फॅटची हद्द साधारण १४ ग्रॅम. मास्तर ती हद्द जेवणाला हात लावायच्या आधीच ओलांडत होते, आणि घरात भांडण चाललेलं कशावरनं, तर पुरणपोळीवर चमचाभर तूप घालू द्यायचं की नाही यावरनं.

खारीकडं परत येते, कारण ट्रान्स फॅटचा सगळा घोळ इथंच आहे आणि लोकांच्या डोक्यात त्याबद्दल जुनी माहिती आहे. पातळ तेलात निकेलच्या मदतीनं हायड्रोजन वायू सोडला की ते घट्ट होतं, हेच वनस्पती तूप, ज्याला आपल्याकडं कुठल्याही कंपनीचं असलं तरी डालडाच म्हणतात. हे काम अर्धवट थांबवलं की मऊ, लोण्यासारखं फॅट मिळतं, बेकरीला अगदी सोयीचं, महिनोन् महिने खवट होत नाही. पण त्या अर्धवट कामातच ट्रान्स फॅट तयार होतं. आणि ते तुपापेक्षा वाईट का, तर तूप एलडीएल वाढवतं, ट्रान्स फॅट एलडीएल वाढवतं आणि वर चांगलं एचडीएल कमी पण करतं, दोन्हीकडनं मार. जागतिक आरोग्य संघटनेनं घातलेली हद्द दिवसाच्या कॅलरीच्या एक टक्क्याच्या आत आहे, २००० कॅलरीला २.२ ग्रॅम, म्हणजे अर्धा चमचासुद्धा नाही.

आपल्या देशात एफएसएसएआयनं, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्यानं, तेल, वनस्पती, बेकरी शॉर्टनिंग यांच्यातलं ट्रान्स फॅट पाच टक्क्यांवरनं २०२१ मधे तीनवर आणि १ जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांवर आणलं, आणि हे तयार खाण्यातल्या फॅटलाही लागू आहे. त्यामुळं आज कायद्याप्रमाणे बनवलेल्या ५० ग्रॅम खारीत ट्रान्स फॅट ०.३ ग्रॅमच्या आसपासच असायला पाहिजे. पूर्वीच्या मानानं ही मोठीच गोष्ट आहे.

पण मग बेकरीवाल्यानं ते घट्ट फॅट आणलं कुठनं? पातळ तेलात खारीला पापुद्रे सुटत नाहीत, थर धरायला घट्टच काहीतरी लागतं. शहापूरकडच्या एका ओळखीच्या बेकरीत मी एकदा सरळ विचारलं, फॅटचा खोका दाखवाल काय? माणूस चांगला होता, आत नेऊन दाखवला. त्यावर लिहिलेलं खाद्य वनस्पती फॅट, इंटरएस्टरिफाईड. म्हणजे पामचा घट्ट भाग आणि पातळ तेल एकत्र करून त्यांची आतली मांडणी बदलून बनवलेलं फॅट. ट्रान्स जवळपास नाही, सॅच्युरेटेड भरपूर. म्हणून आता पाकिटावर "झिरो ट्रान्स फॅट" मोठ्या अक्षरात बघून खूश होऊ नका, ते बहुतेक खरंच असतं, पण पाकीट उलटं करून मागच्या तक्त्यात १०० ग्रॅममागं सॅच्युरेटेड किती ते बघा. बारा-चौदाचा आकडा दिसला की कळायचं, ट्रान्स गेलं आणि त्याच्या जागी त्याचा भाऊ येऊन बसला. आणि सुट्या मालाला, म्हणजे बरणीतली खारी, बटर, नानकटाई, क्रीमरोल, यांना हा तक्ताच नसतो, खोका कुठला वापरला ते तुम्हाला कळायचा मार्ग नाही.

घरच्या घरी ट्रान्स फॅट ओळखायची कुठलीच टेस्ट नाही, व्हॉट्सॲपवर काहीही फिरू दे. पण एक गोष्ट जिभेला कळते. खारी नुसती खा, चहात न बुडवता, आणि मग टाळूवरनं जीभ फिरवा. मेणचट थर बसल्यासारखं लागलं तर ते फॅट अंगाच्या उष्णतेलाही नीट वितळत नाही एवढं घट्ट आहे. घरचं तूप जिभेवर लगेच विरघळतं. यावरनं ट्रान्स किती ते कळत नाही, पण कसलं फॅट खातोय ते बाबांना स्वतःला कळतं, आणि माझ्या सांगण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो. मास्तरांनी माझ्यासमोर हे करून बघितलं आणि म्हणाले, मॅडम, मेणबत्ती चघळल्यागत लागतंय की.

टोस्ट चालेल काय असं सगळे विचारतात. टोस्टमधे फॅट खारीपेक्षा बरंच कमी असतं, पण मैदा आणि साखर, आणि माणूस दोनवर थांबत नाही. मैद्यात कोंडा नाही, झटकन पचतो, रोज भरपूर खाल्ला की ट्रायग्लिसराईड, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, वर जातं, पोटाचा घेर वाढतो. ब्राऊन ब्रेडचा तपकिरी रंग बऱ्याच वेळा नुसता कॅरॅमलचा असतो, घटकांच्या यादीत पहिलं नाव मैद्याचं असेल तर तो मैद्याचाच पाव.

मग सकाळी द्यायचं काय, कारण कोऱ्या चहावर ठेवलं तर माणूस तीन दिवसांनी खारी लपवून आणणार. मास्तरांच्या आई पूर्वी काय करायच्या ते मी विचारलं. शिळी भाकरी कडक करून चहाबरोबर! तेच चालू केलं. रात्रीची जोंधळ्याची अर्धी भाकरी मंद तव्यावर दाबून कडकडीत होईपर्यंत भाजायची, कडेला थोडं तिखट-मीठ. कुरकुरीत पाहिजे ना, मग ही खारीपेक्षा कुरकुरीत. एक दिवसाआड भाजलेले फुटाणे मूठभर, नाहीतर घरचं भडंग, पण ते करताना अर्धा किलो चिरमुऱ्याला वाटीभर तेल नको, पाच-सहा चमच्यांत होतं. आधी चिरमुरे कोरडे गरम करून घेतले की कमी तेलातसुद्धा मसाला धरतात. चिरमुऱ्यात मुळातच मीठ असतं, वरनं परत घालू नका, बाबांना बीपी असेल तर जास्तच सांभाळा.

दुधाचं सोपं होतं. दूध उकळून, गार करून, फ्रिजमधे रात्रभर ठेवायचं, सकाळी जाड साय काढायची, परत एकदा तापवून परत साय काढायची. फॅट निम्म्यावर येतं. पिशवीचं घेत असाल तर टोन्ड ३ टक्के आणि डबल टोन्ड १.५ टक्के, पिशवीवर लिहिलेलं असतं. मास्तरांचे चार कप तीनवर आणले, कपाला दूध पन्नास मिली. सोळा ग्रॅमचे तीन झाले. सायीचं लोणी-तूप करा, ते नातवंडांना घाला, फुकट काही जात नाही.

आता तुपाचं. तूप परत चालू करा म्हणणाऱ्यांचं अर्धं बरोबर आहे. खारी गेली आणि दूध पातळ झालं की १४ ग्रॅमच्या हिशोबात चमचाभर तुपाला आपोआप जागा होते. एक छोटा चमचा, ५ ग्रॅम, सॅच्युरेटेड तीन ग्रॅम, गरम आमटी-भातावर. तुपात निसर्गतः थोडं ट्रान्स फॅट असतं, पण ते जनावराच्या पोटात तयार होणारं वेगळ्या जातीचं आणि चमचाभरात अगदी किरकोळ, त्याची काळजी नको. पण "देशी गायीचं तूप कितीही खाल्लं तरी एलडीएल वाढत नाही, उलट नळ्या साफ होतात" हे खोटं आहे, साठ टक्क्यांहून जास्त सॅच्युरेटेड असलेली गोष्ट नळ्या साफ करत नाही. स्टेंटवाल्याला रोज सकाळी दोन चमचे तूप कोमट पाण्यातनं देणारी घरं मी बघितलीत, आणि त्यांचे रिपोर्टही बघितलेत. ११८ आकडा असताना मी तुम्हाला असं सांगेन, पहिले तीन महिने तूप आठवड्यातनं तीन-चार वेळा चमचाभर, पुढचा रिपोर्ट खाली आला की रोज एक.

तेलाचा प्रश्न लोक नेहमी "कुठलं" असा विचारतात, मी आधी "किती" असं विचारते. मास्तरांच्या घरी महिन्याला पाच लिटरचा डबा आणि वर एक लिटरची पिशवी, सहा माणसांत सहा लिटर. माणशी महिन्याला लिटर, म्हणजे रोज ३३ मिली, नुसत्या तेलाच्या पावणेतीनशे कॅलरी. अर्धा लिटर माणशी हे माझं गणित, सहा जणांना तीन लिटर. कसं आणलं? डबा कपाटात, वापरायला छोटी बाटली. दर सोमवारी सातशे मिली मोजून बाटलीत ओतायचं आणि रविवारपर्यंत तेवढंच. पहिल्या आठवड्यात शुक्रवारीच बाटली रिकामी झाली, सूनबाईंचा फोन. मी म्हटलं, दोन दिवस डब्यातलं घ्या पण किती घेतलं ते लिहा. तिसऱ्या आठवड्यात बसलं. फोडणीला पळीऐवजी चमचा आणि जाड बुडाची कढई, एवढ्यानंच बराच फरक पडतो, कांदा लागायला लागला की तेल न घालता पाण्याचा हबका मारायचा.

कुठलं तेल, तर आपल्या भागात पिढ्यान् पिढ्या शेंगतेल आणि करडई, दोन्ही चांगली. शेंगतेलात सॅच्युरेटेड वीस टक्क्यांच्या आत, पामतेलात जवळजवळ निम्मं, खोबरेलात नव्वदच्या आसपास, एवढा फरक लक्षात ठेवला की पुरे. करडईचं तुम्ही आणताय ते एलडीएलला बरं, पण एकटं तेच बाराही महिने नको, आणि तळणीला तर नकोच, ते तापून लवकर बिघडतं. एक महिना शेंगतेल, एक महिना करडई, असं आलटून पालटून करा. "कोलेस्टेरॉल फ्री" वाचून जास्त पैसे देऊ नका, कुठल्याच बियांच्या तेलात कोलेस्टेरॉल नसतंच, पाण्याच्या बाटलीवर "साखर नाही" लिहिल्यासारखं आहे ते.

घाण्याच्या तेलाच्या मी विरोधात नाही. वास चांगला, कमी घातलं तरी चव येते, तो फायदा खरा. पण घाण्याचं आहे म्हणून दुप्पट घाला असं होत नाही, चमच्याला ४५ कॅलरी त्याच. आणि सुटं घेताना भेसळीची भीती असते, स्वस्त पामतेल मिसळलेलं. काही लोक फ्रिजमधे ठेवून बघतात, गोठलं तर भेसळ म्हणतात, पण खरं शेंगतेलसुद्धा फ्रिजमधे दाट होतं, त्यावरनं घाण्यावाल्याशी भांडायला जाऊ नका. बाहेर कट्ट्यावर डिसेंबरातल्या गार सकाळी तळाशी पांढरी कणी बसलेली दिसली तर शंका घ्यायला जागा आहे, तरी पक्कं प्रयोगशाळेतच कळतं. शेंगा आपल्या न्यायच्या आणि समोर गाळून घ्यायचं, हा उपाय बरा, फक्त त्यातल्या काळ्या पडलेल्या, बुरशीच्या, कडू शेंगा आधी निवडून टाका.

आता रविवारची भजी. बंद करा असं मी सांगणार नाही, कारण आपल्याकडं पावसाळ्यात मिर्ची भजी बंद करायला सांगणाऱ्या डॉक्टरला लोक बदलतात. पण कढईतलं तेल बघूया. मी स्वतः एकदा घरी मोजलं, छोट्या कढईत २५० मिली तेल घेतलं, चाळीस कांदा भजी काढली, गार झाल्यावर मोजलं तर १७० मिली. भज्याला दोन मिली. म्हणजे पाच भजी खाल्ली की दहा मिली, दोन चमचे, दिवसाच्या कोट्याचं अर्ध्याहून जास्त तेल तिथंच संपलं. मग त्या दिवशी संध्याकाळची भाजी बिनतेलाची, सरळ हिशोब. पंधरा दिवसांतनं एकदा, पाच भजी, ताज्या तेलात, घरी. तेल नीट तापलेलं असू दे, पिठाचा थेंब टाकला की लगेच वर आला पाहिजे, कोमट तेलात भजी तेल पितात. पिठात सोडा जास्त पडला तरी पितात.

तळून उरलेल्या तेलाबद्दल दोन टोकाच्या गोष्टी ऐकायला मिळतात. एक म्हणजे "तेल दुसऱ्यांदा तापवलं की त्याचं ट्रान्स फॅट होतं". होतं, पण घरच्या एका तळणीत फारच थोडं, खरा त्रास वेगळा आहे. तेल उष्णतेनं आणि हवेनं मोडतं आणि जी घाण तयार होते तिला पोलर कंपाऊंड म्हणतात, एफएसएसएआयनं हॉटेलांसाठी तिची हद्द २५ टक्के ठेवलीय, २०१८ पासून, त्याच्या वर गेलं की तेल टाकायचं. दुसरं टोक म्हणजे मास्तरांच्या घरचं, रविवारचं उरलेलं तेल त्याच कढईत झाकून ठेवायचं, बुधवारी त्यातच पापड, परत रविवारी वरनं नवीन तेल ओतून भजी. हे सगळ्यात वाईट, जुनं तेल नव्याला पण लवकर बिघडवतं. ओळखायचं कसं? गार तेल चमच्यावरनं सोडलं तर धार जाड पडते, पदार्थ टाकल्यावर फेस येतो आणि लवकर बसत नाही, नेहमीपेक्षा आधीच धूर निघतो, कढईच्या काठाला बोटाला चिकटणारा तपकिरी गोंद धरतो. यातलं एक जरी दिसलं तरी ते तेल खायचं नाही.

म्हणून कढई छोटी घ्या, लागेल तेवढंच तेल. उरलेलं लगेच कपड्यातनं गाळून स्टीलच्या झाकणाच्या डब्यात, अंधारात, आणि तीन-चार दिवसांत भाजीच्या फोडणीला संपवायचं, परत तळायला नाही. गाळताना काळे कण राहिले तर तेच आधी जळतात. बाहेरच्या गाड्यावर हे कुणी करत नाही, तिथं कढई सकाळी चढते ती रात्रीच उतरते आणि तेल कमी झालं की वरनं ओततात, म्हणून बाबांना बाहेरची भजी-वडा नको, घरची चालेल, असा भेद आईंना सांगा.

दिवाळीचं आत्तापासूनच सांगून ठेवते कारण तेव्हा विचारायला कुणाला वेळ नसतो. शंकरपाळी आणि करंजीला खुसखुशीतपणासाठी घरोघरी वनस्पतीचं मोहन घालतात, चिरोट्याच्या साट्यात तर फेसून फेसून तेच. शंकरपाळीला कडकडीत शेंगतेलाचं मोहन घातलं तरी छान होतात, पिठाची मूठ वळली की मोहन पुरलं असं समजायचं. साट्याला मात्र तेल चालत नाही, पातळ पडतं, तिथं घरचं तूपच वापरा, आणि चिरोटे तीन किलोऐवजी अर्धा किलो करा. बाबांनी दोन चिरोटे तुपाचे खाल्लेले मला चालतील, डबाभर वनस्पतीचे दिवसभर येता-जाता खाल्लेले नाही. बेळगावचा कुंदा मात्र दूध आटवलेलाच, घासभर चाखायला ठीक, पाव किलोचा डबा बाबांच्या हाताला लागेल अशा जागी ठेवू नका. तांबड्या रश्श्याचं पण एक, वरचा कट पळीनं काढून मग वाटीत घ्यायचा, चव खालच्या मसाल्यात असते.

मास्तरांचं पुढं काय झालं ते सांगते, म्हणजे तुम्ही जास्त आशा पण लावू नये. तीन महिन्यांनी एलडीएल ११२ वरनं ९४ वर आलं, ट्रायग्लिसराईड २१० वरनं १५५, वजन साडेतीन किलो कमी. गोळी तीच होती. घरातले खूश, पण मी त्यांना रिपोर्ट घेऊन लगेच हार्टच्या डॉक्टरांकडं पाठवलं, कारण ९४ म्हणजे अजून लांबच. डॉक्टरांनी एक गोळी वाढवली आणि पुढच्या रिपोर्टला ६६ आलं. जेवणानं अठरा पॉईंट, बाकीचं गोळीनं, असंच साधारण असतं. आमच्याकडं काहीजण जेवण सुधारल्यावर गोळी सोडतात आणि काहीजण गोळी आहे म्हणून खारी खातात, दोघंही सहा महिन्यांनी परत येतात.

मधे एकदा त्यांचा आकडा अडला होता, दुसऱ्या महिन्यात वजन हलेना. सूनबाई म्हणाल्या सगळं वहीप्रमाणे चाललंय. शेवटी नातवानं सांगितलं, आजोबा संध्याकाळी फिरायला जातात ते बेकरीच्या कट्ट्यापर्यंतच जातात. रागावून उपयोग नव्हता, फिरायचा रस्ता बदलला, शेताकडचा केला, आणि खिशात फुटाण्याची पुडी दिली.

तुम्ही आता एवढं करा. येते सात दिवस जेवण सोडून तोंडात जाणारं सगळं लिहा, बाबांना न टोकता. घरात महिन्याला तेल किती लिटर येतं, माणसं किती, दूध म्हशीचं की पिशवीचं आणि दिवसात किती कप, तळणीचं तेल कुठं ठेवता, हे लिहा. ट्रायग्लिसराईड आणि एचडीएलचे आकडे तुम्ही दिले नाहीत, ते आणि गोळीचं नाव व किती एमजीची तेही टाका. साखरेची एचबीए१सी आणि थायरॉईडची टीएसएच ही टेस्ट झाली नसेल तर डॉक्टरांना विचारून करून घ्या, थायरॉईड मंद असलं तरी एलडीएल असं अडून बसतं आणि लोक उगीच आईच्या स्वयंपाकाला दोष देत बसतात.